‘काहून’चा पंचनामा

वऱ्हाडात ‘का’ला ‘काहून’ म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात, नवऱ्याला जाऊन चौथा दिवस असलेली एक बाई भिंतीला टेकून बसली होती आणि समोर बसेल त्याला तो एकच शब्द विचारत होती. “त्यायनं असं काहून केलं असन, ताई?” मला विचारलं. माझ्याआधी सासूला विचारलं होतं, भावाला विचारलं होतं, पाणी घेऊन आलेल्या शेजारच्या पोरीलाही विचारलं होतं. उत्तर कोणाकडेच नव्हतं. थोड्या वेळाने दारात मोटरसायकल थांबली, तलाठी आले, चपला काढून ओसरीवर टेकले, बॅगेतून कागद काढला आणि अगदी हळू आवाजात, मान खाली घालून, त्यांनी तिलाच विचारलं, “आत्महत्येचं कारण काय सांगाल?”

ते तलाठी भले गृहस्थ होते. पाच मिनिटं नुसते गप्प बसून मग त्यांनी तोंड उघडलं होतं. त्यांची तक्रार करायला मी हे लिहीत नाही. माझा मुद्दा त्यांच्या हातातल्या कागदाबद्दल आहे. आत्महत्येने माणूस गेलेल्या घरात ‘का’ हा प्रश्न जखमेसारखा उघडा असतो, आणि आपल्या राज्यात ती जखम भरायच्या आत तिच्यावरून सरकारी मदतीचा निवाडा होतो. शेतकरी कुटुंबाला मिळणारी मदत मृत्यूच्या कारणापासून वेगळी करायला हवी, आणि ज्या घराला आधाराची सगळ्यात जास्त गरज आहे तिथे चौकशीआधी माणूस पोहोचायला हवा, एवढंच मला म्हणायचं आहे. त्यामागची कारणं मात्र सविस्तर सांगावी लागतील.

आधी ती पद्धत कशी चालते ते पाहू. 19 डिसेंबर 2005च्या शासन निर्णयानुसार आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या वारसांना 1 लाख रुपये दिले जातात. त्यातले 30 हजार हातात मिळतात आणि 70 हजार ठेव म्हणून वारसाच्या नावे अडकवले जातात. ही मदत सरसकट नाही. शेती नावावर असली पाहिजे किंवा कुटुंबाच्या नावावर असली पाहिजे. कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचं, सहकारी बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असलं पाहिजे. आणि त्या कर्जाच्या परतफेडीचा तगादा किंवा नापिकी यामुळेच जीव दिला, असं दिसलं पाहिजे. त्यासाठी सातबारा, आठ-अ, बँकेचा दाखला, पोलिसांचा अहवाल, शवविच्छेदनाचा अहवाल, तहसीलदारांचा चौकशी अहवाल असा गठ्ठा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जातो. समिती प्रकरणावर दोनपैकी एक शब्द लिहिते, पात्र किंवा अपात्र. काही प्रकरणं फेरचौकशीला परत जातात.

आता हाच रस्ता त्या बाईच्या बाजूने पाहा. तिचं नाव मी सांगणार नाही आणि ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांतले तपशील एकत्र केले आहेत. तीन एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. सोसायटीचं कर्ज होतं, पण ते थोरल्या दिराच्या खात्यावरून घेतलेलं. कृषी केंद्राची उधारी होती, बचत गटातून तिच्या नावाने उचललेले पैसे होते, एका फायनान्स कंपनीचा आठवड्याचा हप्ता होता, आणि मुलीच्या लग्नासाठी नातेवाइकाकडून हातउसने घेतलेले होते. कर्ज खरं होतं, रोज दारात येऊन उभं राहत होतं, पण त्यातलं जवळजवळ काहीच समितीच्या व्याख्येत बसणारं नव्हतं. नवरा दोन वर्षांपासून पीत होता. झोप उडाली होती. आदल्या संध्याकाळी दोघांचं भांडण झालं होतं.

ज्या रात्री तो गेला, त्या रात्री पोलीस आले. कोणतीही आत्महत्या झाली की आकस्मिक मृत्यूची नोंद होते, गावात त्याला ‘मर्ग दाखल झाला’ म्हणतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली पंचनामा होतो, घरच्यांचे जबाब घेतले जातात. यात घरच्यांवर आरोप असतोच असं नाही. अशा मृत्यूत कोणी भाग पाडलं का, हे पाहणं पोलिसांना कायद्यानेच भाग आहे. पण हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की खाकी कपड्यातला माणूस तिला विचारतो आहे, काल घरात काय झालं? आणि अशा रात्री माणूस खोटं बोलत नाही. तिने सगळं सांगितलं. भांडण झालं होतं, मी दारूवरून बोलली, मी लय बोलली, मी म्हटलं की तुमच्यापेक्षा मी एकटी बरी. ते सगळं जबाबात उतरलं.

सात-आठ महिन्यांनी प्रकरण अपात्र ठरलं. कारण लिहिलं होतं, ‘व्यसन व घरगुती वाद’.

एरवी नाकारलेला अर्ज म्हणजे नाकारलेला अर्ज. पैसे मिळाले नाहीत, वाईट वाटलं, पुढे. इथे तसं नव्हतं. तिने त्या रात्री अपराधी भावनेच्या भरात जे स्वतःविरुद्ध सांगितलं होतं, ते शिक्क्यासह परत आलं होतं. गावात कागद कोणी न वाचता त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. सासू एक दिवस म्हणाली, “आता त सरकारनंबी लिहून देल्लं.” आपल्या नवऱ्याला आपल्या जिभेने मारलं, असं ती मनातल्या मनात म्हणतच होती. आता ते जिल्हाधिकारी कार्यालयाने म्हटलं, असं तिला वाटलं. समितीने तसं म्हटलेलं नव्हतं. समितीने फक्त एवढं म्हटलं होतं की कर्जाची अट पूर्ण होत नाही. पण रकान्यात ‘अट पूर्ण होत नाही’ हे लिहून भागत नाही, दुसरं कारण लिहावं लागतं, आणि ते दुसरं कारण नेहमी घरातलंच असतं.

इथे जरा थांबून ही अपराधी भावना कशी काम करते हे सांगायला हवं, कारण इतर मृत्यूंच्या दुःखापेक्षा हे दुःख वेगळं का, याचं उत्तर तिच्यात आहे. त्याच गल्लीत, त्याच वर्षी, एक माणूस हृदयविकाराने गेला. त्याच्या बायकोलाही वाटत होतं की दवाखान्यात लवकर न्यायला हवं होतं, छातीत दुखतं म्हणाले तेव्हा गॅस असेल म्हणून ओवा दिला. दुःख होतं, हळहळ होती, तिलाही रात्री झोप लागत नव्हती. पण तिच्या दुःखात मारणारा आणि मेलेला हे दोघं वेगळे होते. आजाराने तिचा नवरा नेला, तिने आजारावर राग धरला, लोकांनीही धरला. आत्महत्येत मारणारा आणि मेलेला एकच असतो. ज्याच्यासाठी रडायचं त्याच्यावरच रागवायचं, हे मनाला पेलत नाही. ‘त्याने मला सोडलं’ हे वाक्य उच्चारणं इतकं अवघड असतं की त्याच्या जागी ‘मी त्याला घालवलं’ हे वाक्य येऊन बसतं. राग वळतो आणि स्वतःवर पडतो.

दुसरी गोष्ट त्याहून विचित्र आहे. अपराधीपणा त्रास देतो तसा तो आधारही देतो. माझ्यामुळे झालं असं मानलं, तर निदान माझ्या हातात काही होतं असं मानता येतं. मी भांडले नसते तर तो आज असता. या वाक्यात यातना आहे, पण जगाला कार्यकारणभाव आहे. माझ्या हातात काहीच नव्हतं, हे मानणं कित्येकदा याहून भयंकर असतं. म्हणूनच ‘तुझा काही दोष नाही गं’ हे सांत्वनाचं वाक्य इतकं निकामी ठरतं. ते चुकीचं नसतं, पण ते फार लवकर येतं. तिला तिचा दोष सविस्तर सांगायचा असतो आणि आपण पहिल्याच वाक्यात तिचं तोंड बंद करतो. ती मान हलवते, हो म्हणते, आणि पुन्हा कोणाजवळ बोलत नाही.

अशा घरांतून बसताना मी एक गोष्ट शिकले. दोष आहे की नाही यावर वाद घालायचा नाही. शेवटचा दिवस सांगायला सांगायचा, पण सकाळपासून पुढे. दुःखात माणूस तो दिवस उलटा सांगतो, मृत्यूपासून मागे. मृत्यू आधी माहीत असल्यामुळे त्या दिवसातली प्रत्येक गोष्ट खूण वाटायला लागते. त्याने ताटातली अर्धी भाकर ठेवली, ती खूण. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला, ती खूण. तोच दिवस पुढे सांगायला घेतला की वेगळा दिसतो. सकाळी पाणी भरलं, तुरीत खुरपायला गेली, परत आली तेव्हा तो ओसरीवर होता. मग मी विचारते, “तेव्हा तुम्हाला काय माहीत होतं?” आज काय माहीत आहे ते नाही, तेव्हा काय माहीत होतं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अर्धी भाकर त ते रोजच ठेवत. पिल्यावर जेवणच जात नव्हतं.” भांडणाचं विचारलं. “भांडण? असं भांडण त हप्त्यातून दोनदा होये.” त्या दिवशी तिच्या दोषाचा निकाल लागला नाही. पण ज्या दिवसाला ती वर्षभर खुनाचा दिवस म्हणून पाहत होती, तो दिवस जगला जात असताना साधा मंगळवार होता, हे तिला पहिल्यांदा दिसलं. याला एक बसणं पुरत नाही. तिच्या बाबतीत सहा-सात वेळा तोच दिवस सांगून झाला, आणि दर वेळी त्यात आधी न सांगितलेलं काहीतरी आलं. चौथ्या की पाचव्या वेळी तिने सांगितलं की बातमी कळली तेव्हा पहिल्या क्षणी तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. दोन वर्षांचं पिणं, शिव्या, हप्तेवाल्यांची दारातली बोलणी, सगळं थांबलं असं वाटलं. तो एक क्षण तिने कोणालाच सांगितला नव्हता, आणि तिच्या अपराधीपणाचा खरा गाभा भांडणात नव्हता, त्या क्षणात होता.

सरकारी जबाबात हा क्षण कुठे बसतो, याचा विचार करा. एकाच रात्री घेतलेल्या, एकाच सहीच्या जबाबात तो बसू शकत नाही. पण मदतीचा निर्णय त्या जबाबावर होतो.

गोष्ट इथेच थांबत नाही. अशा मृत्यूत कागद पुन्हा पुन्हा दार ठोठावतात. व्हिसेरा राखून ठेवला असेल तर त्याचा अहवाल काही महिन्यांनी येतो. तेरवी होऊन गेलेली असते, मुलं शाळेत जायला लागलेली असतात, आणि पुन्हा कोणीतरी मृत्यूची तारीख आणि पद्धत विचारत येतं. चिठ्ठी सापडली असेल तर ती पुरावा म्हणून पोलिसांकडे जाते. ती घरच्यांना उद्देशून लिहिलेली असते, पण घरच्यांना ती नीट वाचायलाही मिळालेली नसते. तिची प्रत अर्ज करून मागता येते, हे घरच्यांना कोणी सांगत नाही. मी पाहिलेल्या एका घरात मुलाने बापाच्या चिठ्ठीतलं वाक्य पहिल्यांदा वर्तमानपत्रात वाचलं.

शिवाय मदतीच्या दोन वाटा एकमेकींच्या विरुद्ध दिशेला ओढतात. अपघात विम्याच्या योजनांमधून आत्महत्या वगळलेली असते. त्यामुळे काही घरांत आधी सल्ला मिळतो की अपघात सांगा. शेतकरी आत्महत्येची मदत हवी असेल तर दुसरा सल्ला मिळतो की कर्जच सांगा, पिण्याचं काढू नका, आजाराचं काढू नका, भांडणाचं तर मुळीच नाही. दोन्ही सल्ले पैशाच्या दृष्टीने व्यवहारी आहेत. पण दोन्हींत बाईला आपल्या नवऱ्याची एकच, सरळ, सोयीची गोष्ट पाठ करावी लागते, आणि स्वतःशी मात्र तिची दुसरीच गोष्ट चालू असते. पात्र ठरलेल्या घरांतही मला हा ताण दिसला आहे. एका बाईला लाख रुपये मिळाले. ती म्हणाली, “मी साहेबाले कर्ज सांगितलं. खरं का हाय ते मलेच नाही माहीत.” तिला ते पैसे खोटं बोलून मिळाल्यासारखे वाटत होते. तिने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. अपुरं सांगितलं होतं, कारण अर्जात पुरं सांगायला जागा नव्हती.

आत्महत्येला एक कारण नसतं, हे या क्षेत्रात काम करणारा प्रत्येक जण सांगेल. कर्ज, पाऊस, दारू, न ओळखलेलं नैराश्य, कमरेचं जुनं दुखणं, मुलीचं लग्न, गावात झालेला अपमान, हे सगळं एकत्र येतं, आणि त्यातलं काय निर्णायक ठरलं हे सांगू शकणारा माणूस गेलेला असतो. याच सगळ्या गोष्टी असलेले शेजारी जिवंत असतात. म्हणून ‘काहून’चं उत्तर घरच्यांना बहुधा कधीच पूर्ण मिळत नाही. आधार म्हणजे त्यांना उत्तर देणं नव्हे, उत्तराशिवाय जगता येईल एवढं त्या प्रश्नाचं वजन कमी करणं. आणि आपली यंत्रणा याच्या बरोबर उलट मागणी करते. एक कारण सांगा, पुराव्यासह.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही मी गंभीरपणे घेते. पहिला आक्षेप अधिकाऱ्यांचा. सार्वजनिक पैसा आहे, निकष नको का? आणि आत्महत्येला पैसे मिळतात असं झालं तर चुकीचा संदेश जाणार नाही का? निकष जरूर हवा. पण तो मेलेल्याच्या हेतूचा असू नये, मागे राहिलेल्यांच्या गरजेचा असावा. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला तिचा नवरा कशाने वारला हे सिद्ध करावं लागत नाही. ती निराधार आहे आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसते, एवढं पुरतं. कमावतं माणूस गेलेल्या प्रत्येक अल्पभूधारक आणि शेतमजूर घराला, मरण हृदयविकाराने आलेलं असो, विजेने की आत्महत्येने, पहिल्या महिन्यात सारखीच मदत मिळाली, तर आत्महत्येला वेगळी किंमत उरणार नाही आणि चुकीच्या संदेशाचा प्रश्नही उरणार नाही. उलट आज आत्महत्येच्या ‘योग्य’ कारणाला किंमत आहे, आणि संदेशाचीच काळजी असेल तर ती इथे वाटायला हवी.

दुसरा आक्षेप मला जास्त सलतो, कारण तो माझ्या जवळच्या माणसांचा आहे, शेतकऱ्यांच्या प्रश्नावर वर्षानुवर्षं लढणाऱ्यांचा. ते म्हणतात, कारण नोंदवणं थांबवलंत तर सरकार सुटेल. 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद झाली, त्यातल्या 22,746 महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. शेती करणारे आणि शेतमजूर मिळून 4,248 जण या राज्यात गेले. या आकड्यांमागे धोरण आहे आणि ते उघडं पडलंच पाहिजे. हे मला मान्य आहे. शेतीचं अर्थकारण निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण धोरणाचा पुरावा एकेका विधवेच्या तोंडून, तिच्या लाखभर रुपयांची दोरी हातात धरून का काढायचा? अभ्यास करायचा तर तो वेगळा करा, वर्षा-दीड वर्षाने करा, तिची परवानगी घेऊन करा, डॉक्टर आणि समाजशास्त्रज्ञ सोबत घेऊन करा. तेव्हा ती दारूबद्दलही बोलेल, हप्त्याबद्दलही बोलेल, आणि कर्ज दारूला कसं घेऊन आलं तेही सांगेल. आजच्या पद्धतीने मिळणारी माहिती खोटी नसली तरी कापून घेतलेली असते. महिला किसान अधिकार मंचाने 2018च्या सुमाराला विदर्भ आणि मराठवाड्यातल्या अशा 505 स्त्रियांशी बोलून केलेल्या पाहणीत सुमारे 40 टक्के बायकांच्या नावावर त्या कसत असलेली जमीन झालेली नव्हती. नवरा का गेला याची चौकशी इतक्या टेबलांवर होते, आणि ती आता कशाच्या आधारावर जगते हे विचारायला टेबल नसतं.

आता गावाबद्दल, कारण सगळा भार सरकारवर टाकणं अप्रामाणिक होईल. हृदयविकाराने गेलेल्याच्या घरी लोक डबे घेऊन आले. आत्महत्येच्या घरीही आले, पण बोलणं वेगळं होतं. “काही बोलला होता का?” “तुमच्या ध्यानात कसं नाही आलं?” “चिठ्ठीत काय होतं?” सांत्वनाला आलेला माणूस नकळत तपास अधिकारी होतो. मग दहाव्याला कोणीतरी दुर्मरणाचा विषय काढतो, नारायणबळी करावा लागेल म्हणतो, आणि कर्जाने मोडलेल्या घरापुढे आणखी एक खर्च उभा राहतो. काही घरांना त्या विधीने शांत वाटतं, त्यांना मी अडवणार नाही. पण तो केला नाही तर तो भटकत राहील, ही धमकी ऐकून कर्ज काढलेली घरं मी पाहिली आहेत, आणि ती धमकी देणं निर्दयपणाचं आहे.

या वागण्याची किंमत मोजता येते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये अलेक्झांड्रा पिटमन आणि सहकाऱ्यांनी 2016 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. जवळचं माणूस अचानक गमावलेल्या, 18 ते 40 वयाच्या 3,432 जणांना त्यांनी विचारलं होतं. ज्यांचं माणूस आत्महत्येने गेलं, त्यांनी स्वतः आत्महत्येचा प्रयत्न करण्याची शक्यता, माणूस अचानक पण नैसर्गिक कारणाने गेलेल्यांपेक्षा 65 टक्क्यांनी जास्त आढळली. रक्ताचं नातं असो वा मैत्री, फरक पडत नव्हता, म्हणजे हे केवळ ‘घराण्यातच आहे’ असं म्हणून सोडून देता येत नाही. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट. लोक आपल्याकडे कसे पाहतात, टाळतात, दोष देतात असं या माणसांना किती वाटत होतं, हे हिशेबात धरलं तेव्हा तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे धोक्याचा मोठा वाटा मृत्यूत नाही, मृत्यूनंतरच्या नजरांत आहे. हा ब्रिटनमधला अभ्यास आहे, यवतमाळचा नाही. पण सासूचं ते वाक्य ऐकल्यावर मला तो परका वाटला नाही.

म्हणून अशा घरात बसणाऱ्या माणसाने एक प्रश्न टाळू नये. तुम्हालाही मरून जावं असं वाटतं का? सरळ, याच शब्दांत. विचारल्याने कल्पना डोक्यात येते हा गैरसमज आहे. त्या बाईला विचारलं तेव्हा ती रडली नाही, खांदे सैल झाले. म्हणाली, “पोरांसाठी थांबली.” मग तिला एकटं न ठेवण्याची व्यवस्था करता आली, घरातली फवारणीची औषधं दिराकडे कुलपात गेली, आणि 14416 हा टेली-मानसचा क्रमांक तिच्या मुलीच्या फोनमध्ये सेव्ह करून दिला. तो दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

मुलांबद्दल एवढंच सांगते. त्या घरात धाकट्याला सांगितलं होतं की बाबांना अटॅक आला. तो नऊ वर्षांचा. शाळेत तिसऱ्या दिवशी वर्गातल्या मुलाने त्याला खरं सांगितलं, आणि तेही पद्धतीसकट. घरी येऊन तो कोणाशीच काही बोलला नाही, कारण आई खोटं बोलली हे त्याला कळलं होतं आणि आईला विचारायचं नाही हेही कळलं होतं. मुलाला आपल्या तोंडून, आपल्या शब्दांत, लवकर सांगणं हाच कमी वाईट मार्ग आहे. बाबांचं मन खूप आजारी झालं होतं, त्यांनी स्वतःचा जीव घेतला, तू काही केलंस म्हणून नाही, आणि तुझ्याजवळ आई आहे, काका आहेत. कसं केलं याचे तपशील द्यायचे नाहीत. पण विचारलं तर खोटंही सांगायचं नाही.

मग आधार कोणी द्यायचा? अमेरिकेत लुईझियानातल्या बॅटन रूज शहरात फ्रँक कॅम्पबेल यांनी 1990च्या दशकाच्या अखेरीस एक साधी गोष्ट सुरू केली. आत्महत्येची बातमी कळताच प्रशिक्षित स्वयंसेवकांचा गट त्या घरी जातो, आणि त्या गटात आधी स्वतः असं दुःख भोगलेला माणूस असतो. घरच्यांनी मदत मागायची वाट कोणी पाहत नाही, कारण अशी घरं मदत मागत नाहीत. पूर्वी तिथे लोक मदतीपर्यंत पोहोचायला सरासरी साडेचार वर्षं घेत. घरी जाणं सुरू झाल्यावर हा काळ दीड महिन्यावर आला. आपल्याकडे यासाठी नवीन खातं काढायला नको. विदर्भ-मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्पाखाली आशा ताई घरोघर जाऊन ताणाखाली असलेला शेतकरी शोधण्याचं काम करतात. तीच रचना मृत्यूनंतरच्या घरासाठी वापरता येईल. पहिल्या आठवड्यात आशा ताई आणि, ज्या गावात किंवा शेजारच्या गावात मिळेल तिथे, दोन-चार वर्षांपूर्वी याच वाटेने गेलेली एक बाई. तिला मानधन द्या, प्रशिक्षण द्या. तिने काय करायचं? पोलीस जबाब म्हणजे आरोप नाही हे समजावून सांगायचं. चिठ्ठीची प्रत मागायला मदत करायची. आणि बाकी बसायचं. मग व्हिसेराचा अहवाल येईल तेव्हा, समितीचा निर्णय येईल तेव्हा, मृगाला पेरणीची वेळ येईल तेव्हा आणि वर्षश्राद्धाला पुन्हा जायचं. इतर दुःखात तेरवीनंतर माणसं हळूहळू उभी राहतात. इथे प्रत्येक कागदाबरोबर पहिला दिवस परत येतो, म्हणून भेटींचं वेळापत्रक कागदांच्या वेळापत्रकाला जोडलेलं हवं.

मर्यादाही सांगते. भोगलेल्या बाईचं स्वतःचं दुःख ताजं असेल तर ती दुसऱ्याच्या घरात कोसळते, म्हणून निदान दोन वर्षं जाऊ द्यावीत आणि तिच्या पाठीशी कोणी बोलायला असावं. एखादीला झोप नाही, अन्न नाही, वर्ष उलटूनही ती त्याच रात्रीत अडकली आहे, असं दिसलं तर गप्पांनी भागत नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावंच लागतं. आणि काही घरं दार उघडत नाहीत. त्यांना पुन्हा विचारावं, ढकलू नये.

त्या बाईचं प्रकरण फेरचौकशीला आलं. दिराने अर्ज केला होता, तिने केला नव्हता. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात तहसीलमधून एक तरुण कर्मचारी आला. मी योगायोगाने तिथे होते. त्याने जुना कागद काढला, चहा घेतला आणि तोच प्रश्न विचारला. दीर पुढे झाला, कर्ज म्हणून सांगायला लागला, सोसायटीचं खातं, नोटीस. तिने हात केला, दीर थांबला.

“कर्ज होतं,” ती म्हणाली. “दारूबी होती. आदल्या दिवशी आमचं भांडणबी झालं होतं. पर काहून गेले ते मले नाही माहीत, साहेब. तुम्ही तसंच लिवा.”

त्याने फॉर्म वरून खाली पाहिला, मग उलटून मागची बाजू पाहिली. रकाना नव्हता. पेन टोपण न लावता त्याने मांडीवर ठेवलं आणि विचारलं, “मग मी काय लिहू?”